बॅकबेचा शेअर आणि एक जुलैचा वायदा

१८६४ साली मुंबईत बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. मलबार हिलपासून कुलाब्याकडे जाणाऱ्या किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र भरायचा, जमीन काढायची आणि ती विकायची, असा तिचा बेत होता. एका शेअरमागे भागधारकाचे पाच हजार रुपये कंपनीत पडायचे. कंपनीचे चारशे शेअर लिलावात काढले, तेव्हा त्यांचे एक कोटीहून जास्त रुपये आले, म्हणजे पाच हजारांचा शेअर लोकांनी पंचवीस हजारांहून जास्त देऊन घेतला. तेजीच्या ऐन भरात तो पन्नास हजारांच्या घरात गेला आणि कोसळल्यावर दोन हजारांनाही कुणी विचारेना. या सगळ्या काळात कंपनी बदलली नव्हती, नकाशा बदलला नव्हता आणि समुद्रही होता तिथेच होता.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज खात्यात गेली. तारण ठेवलेली वस्तू आणि तिच्यावर दिलेलं कर्ज यांच्याकडे बघतच मी म्हातारी झाले. त्यामुळे १८६३ ते १८६५ या काळातला मुंबईचा ‘शेअर मॅनिया’ मला लोकांच्या हावरेपणाची गोष्ट म्हणून कधीच पुरेसा वाटला नाही. हाव दरवर्षी असते, भाव मात्र दरवर्षी दसपट होत नाहीत. त्या दोन वर्षांत मुंबईत असं काय जमून आलं होतं, की भाव चढला म्हणूनच गिऱ्हाईक वाढावं आणि गिऱ्हाईक वाढलं म्हणून भाव आणखी चढावा? ते नीट उलगडलं तर बाकीचे फुगेही ओळखू येतात, असं माझं मत आहे.

सुरुवात खऱ्या पैशापासून झाली, हे आधी सांगायला हवं. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जिथून बहुतेक कापूस मिळायचा तो रस्ता बंद झाला. तोपर्यंत आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला, ज्याला तिकडे ‘सुरत’ म्हणत, इंग्रज गिरणीवाले नाक मुरडत. आता त्यांना पर्याय उरला नाही. युद्धाआधी लिव्हरपूलला पौंडाला चार-पाच पेनीला जाणारा हा कापूस १८६३-६४ मध्ये वीस पेनींच्या वर गेला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला कापूस मुंबईच्या बंदरातून जाई. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा वरचे म्हणून मुंबईला सात ते आठ कोटी पौंड मिळाले, असा अंदाज नेहमी दिला जातो. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या कथाही सांगतात. त्या खऱ्या मानल्या नाहीत तरी कापसाचा नफा खराच होता. बोटी भरून चांदी येत होती आणि ती कुणाच्या कल्पनेतून आलेली नव्हती.

फुगा नेहमी अशा एखाद्या खऱ्या गोष्टीवर उभा राहतो. अगदी पोकळ गोष्टीवर शहाणी माणसं पैसे लावत नाहीत. ज्यांनी कापसात पैसा केलेला शेजारी डोळ्यांनी पाहिला, ते पुढची पायरी विश्वासाने चढले.

आलेला पैसा ठेवायला त्या मुंबईत जागा फारशा नव्हत्या. गिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, सरकारी रोख्यांचं व्याज बेताचं. मग कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ ‘फायनान्शियल असोसिएशन’ आणि ८ जमीन कंपन्या होत्या. शिवाय कापसाच्या गासड्या दाबणाऱ्या प्रेस कंपन्या, जहाज कंपन्या आणि विमा कंपन्या होत्याच. त्यात जमीन कंपन्यांचं आकर्षण मोठं होतं आणि तेही अकारण नव्हतं. गव्हर्नर बार्टल फ्रीअरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली जात होती, शहर दाटलं होतं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं भरली. एवढ्या माणसांना जमीन लागणारच. समुद्र हटवून जमीन काढण्याची कल्पना वेडगळ मुळीच नव्हती. आजची निम्मी दक्षिण मुंबई तशीच उभी आहे.

माझं लक्ष मात्र त्या सोळा फायनान्शियल असोसिएशनांकडे जातं. त्या काही पिकवत नव्हत्या, काही बांधत नव्हत्या. शेअर विकून भांडवल उभं करायचं आणि ते भांडवल दुसऱ्या शेअरांच्या तारणावर लोकांना द्यायचं, हाच त्यांचा मुख्य उद्योग. म्हणजे शेअर घेणाऱ्याला शेअर घ्यायला पैसे देणाऱ्या कंपन्यांचेही शेअर होते आणि तेही चढत्या भावाने, उसन्या पैशाने घेतले जात होते. कुठल्याही बाजारात खरेदीदाराला उधार देणारे खरेदीदारांपेक्षा वेगाने वाढू लागले, की कर्ज खात्यातल्या माणसाने जागं व्हावं.

त्याआधी एक साधी गोष्ट बघू, जी तेजीत कुणी बोलत नाही. एखाद्याने बॅकबेचा शेअर चाळीस हजारांना घेतला. त्यातले पाच हजार पूर्वीच कंपनीत गेलेले होते. या नव्या माणसाचे चाळीस हजार कंपनीकडे गेलेच नाहीत, ते आधीच्या मालकाच्या खिशात गेले. त्यातून समुद्रात एक पाटी दगडही पडणार नव्हता. भाव आठपट झाला म्हणून भराव आठपट होत नाही, आणि निघणारी जमीन तर मुळीच नाही. नव्या मालकाला आपले पैसे भरून निघायला दोनच वाटा होत्या: एक तर जमीन अफाट दराने विकली जावी, नाहीतर पंचेचाळीस हजार देणारा दुसरा कुणी भेटावा. पहिली वाट वर्षांची होती, दुसरी आठवड्याची. बहुतेकांचा हिशोब दुसऱ्या वाटेवर होता.

आता कर्ज. समजा एकाकडे असा एक शेअर आहे आणि बाजारात त्याचे वीस हजार येतात. बँक निम्म्या किमतीवर कर्ज देते, दहा हजार. पुस्तकी नियमाने हे अगदी सुरक्षित कर्ज, कारण तारण दुपटीचं. त्या दहा हजारांतून तो दुसऱ्या कंपनीचे शेअर उचलतो. असं शहरभर शेकडो लोक करतात, त्यामुळे मागणी वाढते आणि पहिला शेअर तीस हजारांवर जातो. आता बँक म्हणते, तुझ्या तारणावर अजून पाच हजार देता येतील. तो तेही घेतो. ज्या वस्तूत पाच हजार रुपये खरे पडले, तिच्यावर पंधरा हजारांचं कर्ज उभं राहिलं आणि तरीही बँकेच्या वहीत तारण दुप्पटच दिसतं. कर्जामुळे भाव वाढला, भावामुळे कर्ज वाढलं. प्रत्येक कारकुनाने आपापल्या टेबलावर नियम पाळला असेल, तरीही सगळी इमारत एकाच खांबावर आली. तो खांब म्हणजे आजचा भाव.

भाव उलटला की हेच चक्र उलटं फिरतं आणि ते जास्त वेगाने फिरतं. शेअर बारा हजारांवर आला की तारण कर्जाहून कमी. बँक पैसे मागते, त्याच्याकडे रोख नाही, म्हणून तो शेअर विकतो. त्याच दिवशी दुसरे शंभर जणही त्याच कारणाने विकत असतात, आणि घेणारे मात्र नसतात, कारण कालपर्यंत घेणारे हेच होते. चढताना खरेदीला दिवस निवडता येतो, उतरताना विक्रीचा दिवस बँक निवडते.

बँक ऑफ बॉम्बेचं काय झालं ते या संदर्भात बघण्यासारखं आहे. ही १८४० साली स्थापन झालेली, सरकारचेही शेअर असलेली, प्रतिष्ठेची बँक. जुन्या सनदेप्रमाणे तिला कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देता येत नव्हतं. १८६३ च्या नव्या कायद्याने ती मुभा मिळाली, अगदी तेजी सुरू होताना. मग भांडवल वाढवलं गेलं आणि पुढे ते दोन कोटींच्या घरात गेलं. वाढलेल्या भांडवलाला गिऱ्हाईक पाहिजे होतं आणि दारात शेअरवाल्यांची रांग होती. त्या रांगेची चावी बरीचशी एका माणसाच्या हातात होती: प्रेमचंद रायचंद. सुरतचे जैन, कापसाच्या व्यापारात मुरलेले, तिशी नुकतीच ओलांडलेले. लिव्हरपूलचा भाव इतरांआधी कळावा म्हणून येणाऱ्या टपाल बोटीला गाठायला ते समुद्रात होड्या पाठवत, असं सांगतात. कोणत्या कंपनीचे शेअर कुणाला मिळणार यावर त्यांचा शब्द चाले आणि बँकेच्या कर्जांवरही. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने बँकेच्या नाशाची जी कारणं दिली, त्यांत हा बदललेला कायदा, सचिवांनी केलेला अधिकारांचा गैरवापर आणि संचालकांची बेपर्वाई ही ठळक होती. काळच विलक्षण होता, हेही त्यांनी नमूद केलं. मला त्या यादीत पहिलं कारण सगळ्यात वजनदार वाटतं. सचिव कमकुवत असणं, संचालक बेसावध असणं हे आधीही असेल, पण तेव्हा कुलूप होतं.

युद्ध कधीतरी संपणार आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार, हे काय मुंबईला कळत नव्हतं? कळत होतं. या व्यापाऱ्यांची उपजीविकाच दूरच्या बातम्या वाचण्यावर होती. उलट १८६४ च्या शरद ऋतूत समेटाच्या अफवा उठल्या, लिव्हरपूलला कापूस घसरला, मुंबईतही काळजी पसरली. मग नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आला, युद्ध चालूच राहणार हे स्पष्ट झालं आणि बाजार सावरला. मला ही खोटी हूल सगळ्यात घातक वाटते. ज्यांनी घाबरून विकलं त्यांनी नुकसान सोसलं आणि मूर्खात निघाले. ज्यांनी धरून ठेवलं ते कमावते झाले आणि शहाणे ठरले. पुढच्या खेपेला धोक्याची बातमी आली तेव्हा शहरातल्या लोकांच्या मनात हा ताजा धडा होता की घाबरणारा हरतो. शिवाय प्रत्येकाचा विचार असा, की शेवट येणार हे खरं, पण मी त्याआधी बाहेर पडेन. एकेकट्याच्या तोंडी हे वाक्य शहाणपणाचं आहे. सगळ्यांनी मिळून ते खरं करणं मात्र शक्य नाही, कारण बाहेर पडणाऱ्याला आत येणारा लागतो.

अडाणी माणसं फसली असा समज असेल तर डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आठवावं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून निघालेला नामांकित डॉक्टर, शिलालेख वाचणारा संशोधक, मुंबईच्या सार्वजनिक जीवनातला मोठा माणूस. या लाटेत त्यांचीही संपत्ती गेली. पुराव्यावाचून पाऊल न टाकणारी बुद्धी होती त्यांची. पण तेजीत पुरावा रोज बाजारात मिळत असतो. काल घेतलेलं आज जास्तीला विकलं जातं, याहून ठोस पुरावा कोणता मागणार? विश्वास ठेवायला भाव पुरेसा वाटतो आणि तो भाव त्याच विश्वासाने बनलेला असतो, हे आत असताना दिसणं फार अवघड असतं. अशा माणसांना लोभी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली. बातमी मुंबईत पोचेपर्यंत लिव्हरपूलचा भाव आधीच घसरू लागला होता. मे महिन्यात एका मोठ्या पारशी व्यापाऱ्याचं दिवाळं वाजलं, मग दुसऱ्याचं. तरी सगळं एकदम कोसळलं नाही. लोक १ जुलैकडे बघत होते.

याचं कारण वायद्याचे सौदे. तेजीच्या दिवसांत पुष्कळ व्यवहार रोखीने होतच नव्हते. अमुक शेअर अमुक भावाने, पैसे आणि शेअर १ जुलैला, असं ठरायचं. आज हातात काही लागत नाही आणि आज खिशातून काही जात नाही. यातून काय साखळी तयार होते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगते. ‘ड’कडून ‘क’ने एक शेअर तीस हजारांना घ्यायचं ठरवलं. ‘क’ने तोच ‘ब’ला छत्तीस हजारांना देऊ केला आणि ‘ब’ने ‘अ’ला चाळीसला. सगळ्यांचा वायदा एकच तारीख. ‘क’ म्हणतो माझे सहा हजार सुटले, ‘ब’ म्हणतो माझे चार. दोघांनी पदरचा पैसाही घातलेला नाही आणि दोघांच्या मते त्यांना धोका नाही, कारण त्यांनी घेतलेलं विकूनही टाकलंय. आता भाव दहा हजारांवर आला. ‘अ’ चाळीस हजार देऊ शकत नाही. म्हणून ‘ब’कडे ‘क’ला द्यायला छत्तीस हजार नाहीत, म्हणून ‘क’कडे ‘ड’ला द्यायला तीस. वाईट सौदा केला होता एकट्या ‘अ’ने, ‘ब’ आणि ‘क’ वेळेत विकून मोकळे झालेले लोक होते. तेही बुडाले. पडझडीत आपण काय घेतलं यापेक्षा आपलं येणं कुणाकडे आहे हे जास्त महत्त्वाचं असतं, आणि ते तेजीत कुणी तपासत नाही, कारण तेव्हा सगळेच देणेकरी श्रीमंत दिसतात.

खऱ्या मुंबईत अशा साखळ्या चार माणसांच्या नव्हत्या, आणि एकच माणूस एका सौद्यात ‘अ’ तर दुसऱ्यात ‘क’ असे. १ जुलै १८६५ ला वायदे भरले आणि पैसे कुणाकडेच नव्हते. एका दिवसात शहरातली कितीतरी मोठी घराणी नादार ठरली. विश्वास तुटतो म्हणतात तेव्हा बहुतेकदा मनातली एखादी भावना बदलल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे तो तारखेने तुटला. तारीख येईपर्यंत प्रत्येकाला स्वतःला श्रीमंत समजता येत होतं, कारण हिशोब मागायला कुणी दारात उभं नव्हतं.

बँक ऑफ बॉम्बेचा शेअर, जो २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. बँकेचं जवळजवळ सगळं भांडवल बुडीत कर्जांत गेलं, १८६८ मध्ये ती गुंडाळली आणि त्याच नावाने नवी बँक काढावी लागली. बॅकबे कंपनी मोडली. प्रेमचंद रायचंद १८६६ मध्ये नादार झाले. त्यांनी तेजीत विद्यापीठाला चार लाख रुपये दिले होते, निम्मे ग्रंथालयासाठी आणि निम्मे आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली, म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं कमी. तेजीच्या कामाला आलेले परत गेले होते.

नोकरीत असताना आमच्या शाखेच्या हद्दीत एका मोठ्या प्रकल्पाची घोषणा झाली आणि माळरानाचे प्लॉट दर तिमाहीला नव्या भावाने विकले जाऊ लागले. कर्जाचे अर्ज यायचे. त्यांत जोडलेलं मूल्यांकन बिनचूक असायचं, कारण मूल्यांकन करणारा शेजारच्या प्लॉटची मागच्या महिन्याची विक्री बघायचा आणि तीही खरीच असायची. मी अर्जदारांना विचारायची, या जमिनीतून वर्षाला किती रुपये येतील? भाडं, पीक, काहीही. बहुतेकांना प्रश्नच कळायचा नाही. ते उत्तर द्यायचे ते पुढच्या वर्षीच्या भावाचं. उत्पन्नाचा प्रश्न विचारला की उत्तर भावाचं येतं, ही फुग्याची मला सापडलेली सगळ्यात भरवशाची खूण आहे. मात्र तिला एक मर्यादा आहे: फुगा आहे हे तिने कळतं, कधी फुटेल हे कळत नाही. १८६३ च्या अखेरीस जो हे ओळखून बाजूला झाला असेल, त्याला दीड वर्ष शेजाऱ्यांची श्रीमंती पाहत बसावं लागलं असणार, आणि त्या दीड वर्षात घरच्यांनी त्याला काय काय ऐकवलं असेल याची कल्पना मी करू शकते.

शहराबाहेरही याच चक्राची एक संथ आवृत्ती चालू होती. कापूस तेज होता तेव्हा मुंबईच्या पेढ्यांचा पैसा आडत्यांमार्फत खेड्यातल्या सावकारापर्यंत गेला आणि सावकाराने पीक आणि जमीन बघून कुणब्याला सढळ हाताने कर्ज दिलं. १८६५ नंतर वरचा पैसा आटला, तसं सावकाराने नवं कर्ज थांबवलं आणि जुनं मागायला सुरुवात केली. त्यातच काही तालुक्यांत जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि कर्जाची खतं जाळली, मग तोच प्रकार नगरकडेही झाला. दख्खनच्या त्या दंग्यांचा सगळा भार कापसाच्या पडझडीवर टाकता येत नाही. सुपे-भीमथडी हा काही मोठा कापूसपट्टा नव्हता, आणि साऱ्याचा, दिवाणी कोर्टांचा वाटा किती यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण ज्या कुणब्यांच्या गळ्यात ही खतं पडली, त्यांच्यापैकी कुणी बॅकबेचा शेअर पाहिलेला नसणार. तेजीच्या वर्षांत त्यांना फक्त कर्ज सहज मिळालं होतं.